कीवर्डच्या यादीत नसलेली विहीर

मी मुळात प्रूफं वाचणारी बाई. पणजीच्या एका छापखान्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या मागे लागून माझ्या डोळ्यांचा चष्मा जाड झाला आणि स्वभाव तिखट. छापखाना बंद पडल्यावर डिचोलीतल्या एका संस्थेत लागले. संस्था गावोगावच्या शेतीचे, पिकांचे, रितीभातींचे व्हिडिओ करायची. बाजारातल्या दुकानांच्या वर दोन खोल्या, खाली पाव विकणाऱ्या पोदेराची सायकल आणि भाजी-पावाचा वास, वर आम्ही. माझं काम सबटायटल तपासायचं. व्हिडिओत माणूस बोलतो, यंत्र ते ऐकून आपोआप मराठीत लिहितं, आणि यंत्राने जे लिहिलं ते वाचून मी कपाळ बडवून घेते, असं त्या कामाचं स्वरूप. पगार कपाळ बडवण्याचाच होता म्हणा.

तिथेच वयनी भेटली. ती पेडण्याची. तिला सगळे वयनी, म्हणजे वहिनी, म्हणायचे, म्हणून मीही म्हणायची, वास्तविक ती माझ्याहून लहान. ती गावात जाऊन बायकांशी बोलायची, कॅमेऱ्यामागेही तीच आणि पुढेही तीच. आधी ती संस्थेत नुसती हिशेबनीस होती. शेतातल्या बायकांशी गप्पांची मालिका करायची कल्पना तिची, हट्ट तिचा, आणि सरांनी ‘बघू या’ म्हटल्यावर आनंदाने अख्ख्या ऑफिसला बेबिंकाची मिठाई वाटणारीही तीच. आयुष्यात पहिल्यांदा तिचं स्वतःचं असं काहीतरी सुरू झालं होतं. ती मालिका राहणार की जाणार, एवढ्याच गोष्टीची ही आठवण आहे.

आमचे सर पणजीत बसायचे आणि महिन्यातून एकदा डिचोलीला यायचे. माणूस सज्जन, पण एका अहवालावर त्यांची फार श्रद्धा. आमच्याकडे वास्कोहून एक विश्लेषक यायचा. तो व्हिडिओंमधलं सगळं बोलणं यंत्राकडून लिहून घ्यायचा, मग त्यातले शब्द मोजायचा, आणि कोणत्या मालिकेत लोक कशाबद्दल बोलतात याचा तक्ता काढायचा. त्यावरून पुढच्या वर्षी कुठली मालिका ठेवायची, कुठली बंद करायची हे ठरायचं. या मोजणीतल्या महत्त्वाच्या शब्दांना कीवर्ड म्हणतात. सर ते कीवर्ड असे वाचायचे, जसे गावातले लोक देवाला कौल लावल्यावर मूर्तीवरची पाकळी कुठल्या बाजूने पडली ते वाचतात.

पहिल्या अहवालात सरांची स्वतःची मालिका सगळ्यात वर. सर दर आठवड्याला स्टुडिओतल्या कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, बसून गोव्याच्या कृषिपरंपरेवर बोलायचे. त्यांच्या मराठीत एक शब्द कमी पडायचा नाही आणि एक शब्द घरचा नसायचा. यंत्राने त्यांचं बोलणं टाळ्या वाजवून उतरवलं होतं. ‘परंपरा’, ‘संवर्धन’, ‘समृद्धी’, सगळे शब्द जागच्या जागी. वयनीची मालिका मात्र तळाला. तिच्यापुढे लिहिलं होतं: विषय अस्पष्ट.

“अस्पष्ट?” वयनी म्हणाली. “मुळगावच्या चार बायका तासभर एकाच विहिरीबद्दल बोलल्यात. ह्यापेक्षा स्पष्ट काय असतं?”

सर मऊ आवाजात म्हणाले, “मी तुमच्यावर आरोप करत नाहीये हो. पण आकडे असं सांगतात की तुमच्या मालिकेला एक असा विषय नाही. पुढच्या अहवालापर्यंत बघू. तोपर्यंत सुधारलं तर ठीक, नाहीतर तो वेळ आपण ‘कृषिसंस्कृती’च्या व्याख्यानांना देऊ.”

आता व्याख्यानं कुणाची, हे मी सांगायला नको.

सर गेले आणि मी वयनीला मूळ लिखाण उघडून दाखवायला सांगितलं. प्रूफ वाचणाऱ्या माणसाला आधी चूक बघायची असते, रडणं नंतर. वाचलं आणि माझा चष्मा कपाळावर गेला. मुळगावच्या त्या बायका शेताच्या बांधाला ‘मेर’ म्हणतात. यंत्राला ‘मेर’ माहीत नाही, त्याने बिचाऱ्याने आपल्या ओळखीतला ‘मेरा’ लिहून टाकला, आणि एकदा ‘मेरा’ लिहिल्यावर पुढची सगळी वाक्यं हिंदी आहेत अशी त्याने स्वतःची समजूत करून घेतली. विहिरीला त्या ‘बांय’ म्हणतात. ती कुठे ‘बाई’ झाली, कुठे ‘भाई’, कुठे ‘बाय’, कुठे नुसतीच गाळली. एकच विहीर चार घरांत वाटली गेली, आणि प्रत्येक घरात ती इतकी थोडी उरली की मोजणाऱ्याच्या नजरेत भरेना. शेवटी चहा घेताना कोणी काही बोलत नव्हतं, नुसत्या बशा वाजत होत्या, तिथे यंत्राने आपल्या मनाने लिहिलं होतं, ‘व्हिडिओ पाहिल्याबद्दल धन्यवाद, चॅनलला सबस्क्राइब करा.’ ऐकायला काही नसलं की हे यंत्र गप्प बसत नाही. आमच्या ओळखीचे काही पुढारी असेच आहेत.

“अगे, ह्यां काय लिवलां?” वयनी म्हणाली. “काकी विहिरीचं पाणी आटलं म्हणून जीव तोडून सांगतेय, आणि ह्यांनी तिच्या तोंडी ‘सबस्क्राइब करा’?”

मुळगावची काकी म्हणजे त्या चौघींतली थोरली. शेतात भाताच्या जोडीला उन्हाळ्यात भाजी करायची, आणि त्या भाजीला पाणी त्या विहिरीचं. ते पाणी पूर्वी वैशाखातसुद्धा असायचं, आता शिमग्यानंतर लगेच तळ दिसू लागला होता. कोणी बघायला येत नाही, असं तिचं म्हणणं. वयनीला वाटत होतं, मालिका चालू राहिली तर कोणीतरी बघायला येईल. म्हणजे आटत चाललेली विहीर कीवर्डच्या यादीत यायला हवी होती, आणि यादी तर तिला ‘बाई’ समजून बसली होती.

वयनीने विश्लेषकाला फोन लावला. तो वास्कोत वाढलेला, बंदराच्या वस्तीत. मराठी, कोकणी, हिंदी, इंग्रजी अशी चार भाषांची भेळ त्याच्या तोंडी, पण डिचोलीच्या शेतातली बोली त्याच्या कानावरून कधी गेली नव्हती. तो प्रामाणिकपणे म्हणाला, “मॅडम, यंत्र ज्या मराठीवर शिकलंय ती बातम्यांची आणि पुस्तकांची मराठी. तिच्याजवळ जे बोलतील त्यांचं चांगलं उतरणार, लांब जे बोलतील त्यांचं वाईट. शिवाय जिथे यंत्राला स्वतःलाच खात्री नसते ते तुकडे आम्ही मोजणीतून गाळतो, कचरा येऊ नये म्हणून.”

“म्हणजे खरं बोलणं कचऱ्यात,” मी म्हणाले.

“तसं नाही हो. पण… हो, तसंच.”

आता कुठलाही शहाणा माणूस यावर म्हणाला असता, की मग यंत्राचं लिखाण हाताने दुरुस्त करा. पण वयनी पेडण्याची होती. आमच्या पेडणे-डिचोलीत घरी कोणी कसंही बोलो, देवळाच्या जत्रेला रंगमंचावर मात्र मराठीच. पुरुष, बायका, पंचायतीचा शिपाई, सोसायटीचा सेक्रेटरी, सगळ्यांनी कधी ना कधी तोंडाला रंग लावून मराठी नाटक केलेलं असतं. नाटकातली लांबलचक वाक्यं इथे भाताच्या मळ्यात पाठ होतात. घरात आईला ‘आवय’ म्हणणारा माणूस रंगमंचावर ‘हे माते’ म्हणून ढसाढसा रडू शकतो. वयनीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिच्या मते यंत्र बदलायची गरजच नव्हती, बायकांना नाटकातलं बोलायला लावलं की काम झालं.

मी तिला म्हटलं, हे अंगाशी येईल. ती म्हणाली, “तुका सगळ्यात काटे दिसतत.” आणि तालमी सुरू झाल्या.

तालमी मुळगावच्या देवळाच्या मंडपात. मी चहाच्या आशेने गेले. चारही बायका नटून आल्या होत्या. वयनीने त्यांना समजावलं, की कॅमेऱ्यापुढे शुद्ध बोलायचं, सावकाश बोलायचं, एक बोलत असताना दुसरीने मध्ये तोंड घालायचं नाही. हे शेवटचं त्यांना सगळ्यात कठीण गेलं. काकीला मात्र काहीच शिकवावं लागलं नाही. तरुणपणी तिने जत्रेच्या नाटकात दुःखी राणीची भूमिका केली होती आणि ती गावाला अजून आठवत होती. ती उठली, पदर सावरला, समोरच्या कदेलाकडे हात केला, आणि असं काही बोलली की माझ्या बशीतली बिस्किटं खाली पडली.

“हे नियते! ज्या विहिरीने माझ्या लेकरांना जगवलं, तिच्या डोळ्यांत आज अश्रूंचा एक थेंबही उरला नाही! सांग, या अभागिनीने कोणाकडे दाद मागावी?”

 मग बाकीच्या तिघींनी टाळ्या वाजवल्या. वयनीच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. मला हसू आवरेना आणि त्याचा राग काकीला आला. “कित्याक हासता गो?” तिने मला विचारलं. “माझां काय चुकलां?” मी म्हटलं, काही नाही, काकी, फार छान. आणि ते खोटं नव्हतं. बोलणं खरोखर छान होतं, फक्त ते विहिरीबद्दल उरलं नव्हतं.

व्हिडिओ झाले. यंत्राने ते असे उतरवले की एका चुकीसाठी मला भिंगातून शोधावं लागलं. एक स्वल्पविराम इकडेतिकडे, बस्स. वयनी खूश. विश्लेषक खूश. “आता बघा,” वयनी मला म्हणाली, “आता विषय अस्पष्ट म्हणून दाखवू देत सर.”

सर आले. ते वाचत होते तेव्हा त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. या वेळी विषय अजिबात अस्पष्ट नव्हता. वयनीच्या मालिकेचे सगळ्यात वरचे शब्द होते: नियती, अश्रू, अभागिनी, दाद, करुण. ‘विहीर’ आता खरी ‘विहीर’ म्हणून आली होती, पण या मानकऱ्यांच्या मागे कुठेतरी बसलेली. तक्त्याच्या शेवटी विश्लेषकाच्या प्रोग्रामने भावनेचा सूरही काढून दिला होता, आणि तो होता: अतिशय दुःखी.

“वयनी,” सर म्हणाले, आणि ते काळजीनेच म्हणाले, “आपण शेतीचे व्हिडिओ करतो ना? मग ह्या बायका एवढ्या रडतात कशाला? लोक जेवायच्या वेळी बघतात हो. माझ्या मते ही मालिका आता थांबवावी हेच बरं.”

 वयनी जनेलापाशी, म्हणजे खिडकीशी, जाऊन खाली पोदेराकडे बघत उभी राहिली. मला तिचा राग यायला हवा होता, कारण मी सांगितलं होतं, पण मला तिची फार दया आली. आणि दयेच्या पाठोपाठ माझा नेहमीचा तिखटपणा आला. मी म्हटलं, “सर, आधी तुम्ही म्हणालात विषय नाही, आता म्हणता विषय दुःखी. ह्या दोन्ही अहवालांत विहीर आहे, आणि दोन्हींत ती दिसत नाही. पहिल्यात यंत्राला बोली कळली नाही म्हणून, दुसऱ्यात बायकांनी यंत्रासाठी नाटक केलं म्हणून.”

सरांना हे पटेना, आणि त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. “मग तुम्ही हाताने मोजून सांगणार ना? हाताने मोजणारा आपल्याला हवं तेच मोजतो. मालिका तुमच्या मैत्रिणीची.”

यावर वास्कोचा विश्लेषक पहिल्यांदा बोलला. तो एरवी तक्ता दाखवून जेवायला पळणारा माणूस. तो म्हणाला, “सर, ह्याची चाचणी करता येते. मी सगळ्या मालिकांतले तुकडे मिसळून देतो, तुमचेही त्यात. ह्या दोघी वेगवेगळ्या बसून, एकमेकींचं न बघता, जसंच्या तसं लिहितील. मग यंत्राचं आणि त्यांचं शेजारी ठेवू. दोघींचं एकमेकांशी जुळलं आणि यंत्राशी जुळलं नाही, तर दोष कुठे आहे ते कळेल. आणि पूर्वी गाळलेले तुकडेही मी त्यात टाकतो.”

सर म्हणाले, “माझेही घाला.” एवढं मात्र मानायला हवं.

त्या तुकड्यांवर मी आणि वयनी वेगवेगळ्या खोल्यांत बसलो. कानात हेडफोन, पुढ्यात कीबोर्ड. कधी एकच वाक्य पुन्हा पुन्हा, कारण तीन बायका एकदम बोलत होत्या आणि मागे कोंबडा आरवत होता. सरांचे तुकडे आले की आराम वाटायचा, ते तर आपोआप लिहिले जायचे. बायकांचे तुकडे आले की मला माझ्या माहेरच्या, तेरेखोल नदीच्या पलीकडच्या गावाची आठवण व्हायची, कारण तिथेही असंच सगळं एकाच वेळी बोललं जातं आणि तरी सगळ्यांना कळतं. प्रूफवालीची सवय मला सोडवत नव्हती. हात ‘बांय’च्या जागी ‘विहीर’ लिहायला जायचा, आणि मी माझ्या हाताला दटावायची: जसंच्या तसं.

मग विश्लेषकाने मोजणी केली. त्याने आम्हाला समजेल असं सांगितलं. मराठीत एकच शब्द पाण्याला, पाण्याचं, पाण्यात असे कपडे बदलून येतो, ते सगळे एका घरचे धरावे लागतात. ‘उदक’ म्हणजे पाणी, ‘बांय’ म्हणजे विहीर, हेही त्याने आमच्याकडून विचारून जोडून घेतलं. नंतर त्याने तीन रांगा दाखवल्या: यंत्राची, माझी, वयनीची.

माझी आणि वयनीची रांग जवळजवळ एक होती. सरांच्या मालिकेत यंत्राचीही तीच. ‘परंपरा’ तिन्हीकडे पहिली, सरांच्या मनासारखं. पण बायकांच्या पहिल्या, बिननाटकी व्हिडिओंत यंत्राच्या रांगेत सगळ्यात वर ‘बाई’ आणि ‘धन्यवाद’, तर आमच्या दोघींच्या रांगेत पाणी, विहीर, बांध, भाजी. जे तुकडे कचरा म्हणून गाळले होते, पाण्याचं बहुतेक बोलणं त्यांतच होतं. साधं कारण: बायका मनापासून बोलायला लागल्या की भरभर, घरच्या भाषेत, एकमेकींच्या अंगावर बोलायच्या, आणि तेव्हाच यंत्राची खात्री सगळ्यात कमी. म्हणजे त्या जितकं महत्त्वाचं बोलत होत्या, तितकं ते मोजणीतून अधिक गळत होतं.

सरांनी तिन्ही रांगा वरून खाली वाचल्या. मला वाटलं, आता ते काहीतरी संवर्धनाबद्दल बोलतील. पण ते म्हणाले, “मला तो एक तुकडा ऐकवा. यंत्राने ‘बाई’ लिहिलेला.”

विश्लेषकाने लावला. काकीचा आवाज आला, राणीचा नव्हे, शेतातल्या काकीचा. ती म्हणत होती की विहिरीत उतरून बघितलं तर चिखलच, आणि तिच्या मागून दुसरी सांगत होती की दोन कळशा भरायला अर्धा दिवस जातो, आणि मध्येच तिसरी, गेल्या वर्षी तांबडी भाजी कशी करपली ते. तिघी एकमेकींवर. सर ऐकत होते. एका जागी काकीने काहीतरी असं म्हटलं की सरांनी एकदम हसून स्क्रीनला उत्तर दिलं: “खरां गे, आमच्या बांयचांय तसांच जालां.” स्वतःच्या घरच्या विहिरीबद्दल, तेही घरच्या बोलीत, सरांच्या तोंडून हे निघालं आणि ऑफिसात सगळ्यांनी माना वर केल्या. सर पेडण्याच्याच एका खेड्यातले, हे आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. वयनीला तर आपल्याच भागातला माणूस इतकी वर्षं पुस्तकातून बोलत होता याचा धक्का आणि आनंद दोन्ही झाले. सरांनी घसा खाकरला आणि पुन्हा पुस्तकात गेले. “मालिका चालू ठेवा,” ते म्हणाले. “आणि यापुढे बोलीतल्या मालिकांचे तुकडे आधी कुणीतरी ऐकून तपासावेत. गाळण्याआधी.” मग जरा थांबून, “माझे नका तपासू. माझे बरोबर येतात.”

ते खरंच होतं, त्यामुळे कोणी हसलं नाही. मी मात्र त्यांचं आजवरचं सगळं संवर्धन त्या एका बोलीतल्या वाक्यासाठी माफ केलं.

पुढल्या आठवड्यात आम्ही दोघी मुळगावला गेलो. वयनीने वाटेत बसमध्येच किती वेळा सांगितलं असेल, की आता काकीला सांगायचं, नाटक नको, जसं बोलायचंय तसं बोल. ती एवढी खूश होती की तिने कंडक्टरलाही मालिका बघायला सांगितली. काकी मंडपातच भेटली. तिने केसांत अबोलीचा वळेसर माळला होता आणि नवं भाषण पाठ करून आली होती. वयनीने तिला समजावलं. काकीचा चेहरा पडला. “म्हणजे माझी भूमिका गेली?”

वयनी घाईघाईने म्हणाली, “तसं नाय, काकी. आता घरात उलयता तशें उलय. आमकां तशेंच जाय. पयलीं आमीच तुका नाटकांत बोलूक लायलें, ती आमची चूक.”

 काकीने पदराने चेहऱ्यावरची पावडर पुसली आणि कंटाळून, समजावल्यासारखं, पुस्तकातलं नाही आणि नाटकातलंही नाही असं बोलली. “पयल्या फावटी घरचें उलयलें, तेन्ना तुमचें यंत्र आयकना. पंचायतींत घरचें उलयलें, थंय कोण आयकना. मागीर मोठ्यान राणीवरी उलयलें, तेन्ना तुमी ताळयो मारल्यो. बांय बगूक मात अजून कोण येवंक ना.”

घरचं बोलली तेव्हा ना यंत्राने ऐकलं ना पंचायतीने, राणीसारखं बोलली तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि विहीर बघायला मात्र अजून कोणी आलं नव्हतं. माझा सगळा तिखटपणा त्या क्षणी कुठे गेला मला ठाऊक नाही. मला फार लाज वाटली, आणि काकीबद्दल फार आदरही. आम्ही तीन रांगा शेजारी ठेवून जिंकलो होतो. शब्द मोजले होते, कपडे बदललेले शब्द ओळखले होते, कचऱ्यातून तुकडे परत काढले होते. त्या सगळ्या वेळात आमच्यापैकी एकही जण उठून देवळापासून दहा मिनिटं चालून ती विहीर बघायला गेला नव्हता. अगदी वयनीसुद्धा, जिची ही मालिका होती.

वयनीने कॅमेरा पिशवीत परत घातला. काकीने विचारलं, “आज व्हिडिओ घेवचो ना काय?”

“मागीर,” वयनी म्हणाली. “पयलीं बांय दाखय.”

काकीने आम्हा दोघींकडे एकदा बघितलं, चपला घातल्या आणि पुढे झाली. आम्ही मेरेवरून तिच्या मागे चालू लागलो.